तक्रारीत काय पाहिलं ते लिहायचं, काय वाटलं ते नाही

प्रश्न: मीटिंगमध्ये सीनियरनं ज्युनियर मुलीचा मुद्दाम अपमान केला. मी तिथेच होतो. एचआरला लेखी देताना काय लिहू?

उत्तर: ‘मुद्दाम’ आणि ‘अपमान’ हे दोन्ही तुमचे निष्कर्ष आहेत, घटना त्यात कुठेच नाही. असं लिहा: ‘सकाळी 11.20 च्या सुमारास ते उभे राहिले, फाइल टेबलावर आपटली आणि तिला म्हणाले, “तुला अक्कल आहे का?” मी दोन खुर्च्या सोडून बसलो होतो. ती न बोलता बाहेर गेली.’

शब्द जसेच्या तसे द्या, शिवी असली तरी. ‘अर्वाच्य भाषा वापरली’ म्हटलं की वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. नेमके शब्द आठवत नसतील तर अवतरणचिन्हं काढा आणि ‘अशा अर्थाचं बोलले’ असं लिहा. ती बाहेर रडत होती हे सहकाऱ्यानं सांगितलं असेल तर तसंच, त्याच्या नावानिशी.

‘ते नेहमीच असं करतात’ हे वाक्य मात्र हमखास अंगाशी येतं. आधीचा प्रसंग तुम्ही स्वतः पाहिला असेल तर तारखेसह वेगळा लिहा, नाहीतर सोडून द्या.

आजच लिहा. उद्या काही आठवलं तर मूळ मजकुरात घुसवू नका, खाली उद्याची तारीख टाकून जोडा.