शेतात दोन दिशांनी फरक असेल तर लॅटिन स्क्वेअर कसा मांडायचा आणि त्याचा अनोव्हा तक्ता कसा करायचा?

प्रश्न: रब्बी कांद्याला नत्राच्या पाच मात्रा देऊन प्रयोग करायचा आहे. शेताला दक्षिणेकडून उत्तरेकडे उतार आहे आणि पश्चिमेच्या बांधावर निलगिरीची रांग आहे. आरबीडीमध्ये, म्हणजे एकाच दिशेने गट पाडणाऱ्या आराखड्यात, ब्लॉक उताराप्रमाणे पाडले तर झाडांचा परिणाम तसाच राहतो, झाडांप्रमाणे पाडले तर उताराचा राहतो. लॅटिन स्क्वेअर वापरा असं सर म्हणाले. त्याची मांडणी आणि अनोव्हा, म्हणजे एकूण फरक कारणांप्रमाणे वाटून दाखवणारं विश्लेषण, कोणी उदाहरणासह सांगेल का?

उत्तर:

तुमच्या सरांचा सल्ला योग्य आहे. उतार आणि झाडांची रांग एकमेकांना काटकोनात आहेत आणि मात्रा पाच आहेत. लॅटिन स्क्वेअरसाठी याहून सोयीची परिस्थिती सहसा मिळत नाही.

५ मात्रा म्हणजे ५ ओळी, ५ स्तंभ आणि २५ वाफे. ओळ उताराला आडवी धरा, म्हणजे एका ओळीतले पाचही वाफे एकाच उंचीवर येतील. स्तंभ निलगिरीच्या रांगेला समांतर धरा, म्हणजे एका स्तंभातले पाचही वाफे झाडांपासून सारख्याच अंतरावर राहतील. प्रत्येक मात्रा प्रत्येक ओळीत एकदाच आणि प्रत्येक स्तंभातही एकदाच आली पाहिजे. असं झालं की कोणत्याही दोन मात्रांच्या सरासरीची तुलना करताना उतार आणि झाडं दोन्ही बाजूंना सारखीच येतात आणि फरकातून निघून जातात.

मात्रांना अक्षरं देऊ: अ = ०, ब = ४०, क = ८०, ड = १२०, इ = १६० किलो नत्र प्रति हेक्टर. आधी साधा सरकता चौरस लिहा: पहिली ओळ अबकडइ, दुसरी बकडइअ, तिसरी कडइअब, आणि असंच पुढे. हा चौरस तसाच शेतात नेऊ नका. त्यात एकच मात्रा तिरक्या रेषेत पडते आणि ब कायम अ च्या शेजारीच राहतो. पोत तिरक्या दिशेने बदलणाऱ्या जमिनीत यानेच घात होतो. म्हणून चिठ्ठ्या टाकून आधी ओळींचा क्रम बदला, मग स्तंभांचा, आणि शेवटी कोणतं अक्षर कोणत्या मात्रेला द्यायचं तेही चिठ्ठीनेच ठरवा. खालच्या मांडणीत ओळी ३, १, ५, २, ४ या क्रमाने आणि स्तंभ २, ५, १, ४, ३ या क्रमाने घेतले आहेत. अक्षरं मात्र वाचायला सोपं जावं म्हणून चढत्या मात्रेप्रमाणेच ठेवली आहेत.

आकडे निव्वळ २० चौरस मीटर वाफ्यातल्या कांद्याचे किलो आहेत. गणित दिसावं म्हणून मी ते घेतले आहेत, प्रत्यक्ष प्रयोगाचे नाहीत. ओळ १ उताराच्या वरच्या टोकाला आहे आणि स्तंभ १ झाडांलगत.

| | स्तं.१ | स्तं.२ | स्तं.३ | स्तं.४ | स्तं.५ | बेरीज |
|---|---|---|---|---|---|---|
| ओळ १ | ड ४८ | ब ४१ | क ५० | अ ४० | इ ५१ | २३० |
| ओळ २ | ब ४५ | इ ५१ | अ ३९ | ड ५२ | क ५३ | २४० |
| ओळ ३ | अ ३८ | ड ५५ | इ ५२ | क ५५ | ब ५० | २५० |
| ओळ ४ | क ४९ | अ ४४ | ब ५१ | इ ५७ | ड ५९ | २६० |
| ओळ ५ | इ ५५ | क ५४ | ड ५८ | ब ५६ | अ ४७ | २७० |
| बेरीज | २३५ | २४५ | २५० | २६० | २६० | १२५० |

आता अक्षराप्रमाणे बेरजा करा: अ २०८, ब २४३, क २६१, ड २७२, इ २६६. यांचीही बेरीज १२५० आली पाहिजे. ती आली नाही तर एखादं अक्षर चुकीच्या वाफ्यात वाचलं गेलं आहे. पुढे जाण्याआधी ही पडताळणी कराच.

शोधन गुणक १२५० × १२५० ÷ २५ = ६२५००. पंचवीसही आकड्यांच्या वर्गांच्या बेरजेतून तो वजा केला की एकूण ८६२ मिळतात. ओळींसाठी पाच ओळ-बेरजांचे वर्ग मिळवून ५ ने भागा आणि त्यातून ६२५०० वजा करा: २००. स्तंभांसाठी तीच रीत: ९०. मात्रांसाठीही तीच: ५३४.८. एकूण ८६२ मधून हे तिन्ही गेल्यावर उरतात ३७.२, ती त्रुटी.

| घटक | डीएफ | वर्गांची बेरीज | सरासरी वर्ग | एफ |
|---|---|---|---|---|
| ओळी (उतार) | ४ | २००.० | ५०.० | १६.१३ |
| स्तंभ (झाडं) | ४ | ९०.० | २२.५ | ७.२६ |
| नत्राच्या मात्रा | ४ | ५३४.८ | १३३.७ | ४३.१३ |
| त्रुटी | १२ | ३७.२ | ३.१ | |
| एकूण | २४ | ८६२.० | | |

डीएफ म्हणजे स्वातंत्र्याचे अंश. मात्रा t असतील तर पहिल्या तिन्ही घटकांना t − १ डीएफ आणि त्रुटीला (t − १)(t − २). इथे ४ × ३ = १२. पाच टक्के पातळीवर ४ आणि १२ डीएफसाठी एफचं तक्त्यातलं मूल्य ३.२६ आहे, म्हणजे मात्रांचा परिणाम स्पष्टपणे लक्षणीय. ओळी आणि स्तंभांच्या एफकडे मात्र औपचारिक चाचणी म्हणून पाहू नका. उतार काही चिठ्ठी टाकून वाटलेला नव्हता. तो आकडा एवढंच सांगतो की त्या दिशेने गट पाडण्याचा फायदा झाला.

दोन सरासरींमधल्या फरकाची प्रमाण त्रुटी म्हणजे २ × ३.१ ÷ ५ याचं वर्गमूळ, १.११. त्याला १२ डीएफच्या टी-मूल्याने, २.१७९ ने, गुणलं की सीडी, म्हणजे लक्षणीय ठरायला लागणारा किमान फरक, २.४३ किलो. सरासरी अशा: अ ४१.६, ब ४८.६, क ५२.२, ड ५४.४, इ ५३.२. सीव्ही, म्हणजे सरासरीच्या टक्केवारीत त्रुटी, ३.५ टक्के.

इथे बरेच जण सीडी लावून "क, ड, इ समतुल्य" असं लिहितात आणि थांबतात. ते चूक नाही, पण मात्रा ०, ४०, ८० अशा समान अंतराच्या असताना ते अपुरं आहे. मात्रांचे ४ डीएफ फोडा. −२, −१, ०, १, २ हे सरळ रेषेचे गुणक बेरजांना लावले की १४५ येतात. त्याचा वर्ग ५ × १० ने भागला की ४२०.५. वक्रतेचे गुणक २, −१, −२, −१, २ लावले की −८९ येतात. त्याचा वर्ग ५ × १४ ने भागला की ११३.२. दोन्ही मिळून ५३३.७, म्हणजे ५३४.८ पैकी जवळजवळ सगळं. उरलेल्या २ डीएफमध्ये जेमतेम १.१ उरतात. याचा अर्थ प्रतिसाद वळणारा आहे. या वक्राचं शिखर सुमारे १२६ किलो नत्रावर येतं, आणि नत्राचा खर्च धरला की फायदेशीर मात्रा त्याहून खाली बसते. सीडीने पाडलेल्या गटांपेक्षा शेतकऱ्याला हे उत्तर जास्त उपयोगी आहे.

आरबीडीच केली असती तर? फक्त उताराप्रमाणे ब्लॉक पाडले असते तर त्रुटीचा सरासरी वर्ग अंदाजे (२२.५ + ४ × ३.१) ÷ ५ = ६.९८ झाला असता, म्हणजे २.२५ पट. एवढीच अचूकता मिळवायला पाचाऐवजी सुमारे अकरा पुनरावृत्ती लागल्या असत्या. पण ही बाजू उलटीही फिरते. दुसऱ्या दिशेने फरकच नसेल तर स्तंभांवर ४ डीएफ वाया जातात, आरबीडीचे १६ डीएफ १२ वर येतात आणि हाती काही लागत नाही. केवळ नाव भारदस्त वाटतं म्हणून हा आराखडा घेऊ नये.

आर या संगणकीय भाषेत हेच काम असं होतं (`d` मध्ये `row`, `col`, `trt`, `y` हे रकाने):

```r
m <- aov(y ~ factor(row) + factor(col) + factor(trt), data = d)
summary(m)
```

`factor()` विसरलात तर आर ओळ क्रमांकाला साधा आकडा समजतो आणि चूक झाल्याचं काही सांगत नाही. ओळखायची खूण डीएफच्या रकान्यात असते. ४, ४, ४, १२ दिसले पाहिजेत. ओळ आणि स्तंभासमोर १ आणि त्रुटीसमोर १८ दिसले तर तेच झालं आहे.

शेतात सर्वात जास्त घोटाळा पाण्याने होतो. उतारावर वरच्या वाफ्याचं पाणी खालच्या वाफ्यात गेलं तर त्याबरोबर नत्रही जातं, आणि शून्य मात्रेचा वाफा शून्याचा राहत नाही. प्रत्येक वाफ्याला पाटातून स्वतंत्र तोंड द्या, मध्ये पक्के वरंबे ठेवा आणि कडेच्या रांगा सोडून निव्वळ वाफ्याचंच वजन घ्या.

एखादा वाफा गेला तर त्या जागी शून्य लिहू नका. समजा ओळ ३, स्तंभ ३ मधला इ गेला. उरलेल्या बेरजा: ओळ १९८, स्तंभ १९८, मात्रा २१४, एकूण ११९८. अंदाज = [५ × (१९८ + १९८ + २१४) − २ × ११९८] ÷ (४ × ३) = ५४.५. ही किंमत भरून गणित करा, पण त्रुटीचा आणि एकूणचा प्रत्येकी एक डीएफ कमी करा. अशा गणितात मात्रांची वर्गांची बेरीज थोडी फुगते. म्हणून संगणक हाताशी असेल तर मी तो वाफा रिकामा ठेवून वरच्याच क्रमाने, मात्रा शेवटी लिहून, मॉडेल चालवा असं सांगेन.

या आराखड्याची खरी मर्यादा वेगळीच आहे. ओळ, स्तंभ आणि मात्रा यांचे परिणाम एकमेकांत फक्त मिळवले जातात, असं तो गृहीत धरतो. उताराच्या खालच्या ओल्या भागात नत्राला मिळणारा प्रतिसाद वरच्या कोरड्या भागाहून वेगळा असेल, तर तो फरक वेगळा काढायला इथे जागाच नाही. तो त्रुटीत मिसळतो आणि मात्रांच्या सरासरीतही शिरतो. उर्वरित फरक, म्हणजे रेसिड्युअल, अंदाजित उत्पादनासमोर मांडून पाहा. ठिपके कमानीसारखे वाकलेले दिसले तर शंका घ्या, आणि ट्यूकीची एक डीएफची चाचणी लावा.

मात्रांची संख्या ५ ते ८ असताना हा आराखडा चांगला चालतो. ३ मात्रांना त्रुटीसाठी २ डीएफ उरतात, ४ ला ६. एवढ्यावर काही सिद्ध करणं कठीण. ४ मात्रा असतील तर वेगवेगळ्या चिठ्ठ्या टाकून दोन चौरस मांडा: चौरसांना १, ओळींना ६, स्तंभांना ६, मात्रांना ३ आणि त्रुटीला १५ डीएफ मिळतात. ९ च्या वर गेलात तर ८१ हून जास्त वाफे होतात आणि एकाच ओळीत एवढी लांब जमीन सारखी मिळत नाही.