दूध पचत नाही, पाचवा महिना चालू आहे, मग चीज कोणतं द्यायचं?

प्रश्न: बायकोला पाचवा महिना लागलाय. दूध पिलं की पोट फुगतं, गॅस होतो. भाऊ पुण्याहून पार्मेझान, ब्री आणि फेटा घेऊन आलाय. जुन्या चीजमध्ये लॅक्टोज नसतं म्हणतात, मग ते देऊ का? की आपलं पनीरच बरं? आम्ही धुळ्याला राहतो.

भाऊ, पार्मेझान द्या पण थोडं, ब्री तुम्ही खाऊन टाका वहिनींना देऊ नका, फेट्याच्या डब्यावर पाश्चराइज्ड लिहिलेलं असेल तरच, आणि पनीर बिनधास्त द्या पण कसं ते जरा नीट वाचा. मी आधी एका डेअरीत क्वालिटीला होतो, आता अमळनेरकडे आमचं छोटं पनीरचं युनिट आहे, त्यामुळे हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतंच.

लॅक्टोजचं आधी. म्हशीचं दहा लिटर दूध घेतलं तर त्यात साधारण अर्धा किलो लॅक्टोज असतं, म्हणजे दुधाची साखर. आम्ही दूध ९० डिग्रीपर्यंत तापवतो, थोडं खाली आणतो, सायट्रिक ॲसिडचं पाणी टाकतो, दूध फाटतं आणि हिरवट पिवळं पाणी सुटतं. लॅक्टोज पाण्यात विरघळतं ना, म्हणून बहुतेक सगळं त्या निवळीबरोबरच निघून जातं. पनीर हातात येतं दोन किलोच्या आसपास आणि त्यात उरतं ४०-५० ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅम पनीरमागे दोन-अडीच ग्रॅम. दुधाच्या एका ग्लासात दहाच्या वर असतं. दूध पचत नाही म्हणणारी बरीच माणसं एका वेळी १० ग्रॅमपर्यंत सहन करतात, म्हणून पनीरने सहसा त्रास होत नाही, पण एकाच वेळी अर्धा किलो खाल्लं तर मग पनीरला दोष देऊ नका.

जुन्या चीजमध्ये आणखी एक गोष्ट होते जी पनीरमध्ये होत नाही. तिथे दुधात विरजणासारखं कल्चर टाकलेलं असतं आणि निवळी काढल्यावर जे थोडंफार लॅक्टोज मागे राहतं ते हे जिवाणू खाऊन टाकतात, त्याचं लॅक्टिक ॲसिड होतं. चेडरमध्ये महिनाभरात जवळपास संपतं. अस्सल इटालियन पार्मेझान तर कमीत कमी १२ महिने ठेवलेलं असतं, त्यात शोधायलाही सापडत नाही. म्हणजे तुम्ही ऐकलं ते खरंय. पनीरमध्ये कल्चर नाही म्हणून उरलेलं तसंच राहतं. रिकोटा, कॉटेज चीज, क्रीम चीज ही ताजी मंडळी लॅक्टोजच्या बाबतीत सगळी पनीरच्याच लाइनीत, कमीजास्त दोन-तीन टक्के.

पण फुकट काही मिळत नाही, इथे मीठ वाढतं. पार्मेझानची चाकं मिठाच्या पाण्यात पंधरा-वीस दिवस बुडवून ठेवतात, मग वर्षभर वाळतात, पाणी उडतं आणि मीठ आतच राहतं. १०० ग्रॅममध्ये सोडियम १००० मिलीग्रॅमच्या वरही जाऊ शकतं. चेडर त्याच्या निम्म्याच्या आसपास. तुमचा फेटा दिसायला पनीरसारखा पांढरा मऊ, पण तोही खाऱ्या पाण्यातच राहतो, तो जवळजवळ पार्मेझानच्याच पंगतीत बसतो. आपलं साधं पनीर मात्र जवळपास बिनमिठाचं. डब्ल्यूएचओ दिवसाला सोडियम २००० मिलीग्रॅमच्या आत ठेवा म्हणतं, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ, आणि आपल्याकडे शेवभाजी, पापड, मिरचीचा ठेचा यातच ते कधी भरून जातं कळत नाही. म्हणून पार्मेझान चमचाभर किसून, जेवणात मीठ म्हणून वापरा, वाटीभर खाऊ नका. वहिनींचं बीपी वाढलेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेही नको.

आणि ते चौकोनी क्यूब, ज्याला आपण गावात चीज म्हणतो, ते या कशातच धरू नका. ते प्रोसेस्ड. चीज वितळवून त्यात इमल्सिफायर म्हणून सोडियमचेच क्षार टाकतात, म्हणून सोडियम पार्मेझानइतकं नाहीतर जास्तही असतं, आणि कधी दुधाची पावडर टाकलेली असते तर लॅक्टोज परत येतं. माझ्या लहान बहिणीला सातव्या महिन्यात माहेरी आणलं तेव्हा दूध नको म्हणून घरच्यांनी तिला रोज चार-चार क्यूब पोळीत घालून दिले. डॉक्टरांकडे गेलो तर बीपी वाढलेलं. क्यूबमुळेच वाढलं असं मी म्हणत नाही, पण खाण्याची यादी विचारल्यावर त्यांनी पहिलं तेच बंद केलं.

आता मुख्य भानगड, लिस्टेरिया. हा जिवाणू फ्रिजमध्ये मरत नाही, उलट हळूहळू वाढतो, म्हणून "फ्रिजमध्ये होतं ना" याला काही अर्थ नाही. गरोदर बाईला स्वतःला थोडा ताप, अंगदुखी एवढंच होऊ शकतं, पण बाळ दगावू शकतं. १९८५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकन पद्धतीच्या ताज्या मऊ चीजमुळे जी साथ झाली त्यात बहुतेक रुग्ण गरोदर बायका आणि त्यांची बाळंच होती. लिस्टेरियाला वाढायला ओल आणि कमी आंबटपणा लागतो. ब्रीवरची पांढरी बुरशी चीजमधलं ॲसिड खाते, मग बाहेरचा भाग आंबट राहत नाही, वरून ओला, म्हणजे त्याला हवं तसं घर. त्यामुळे पाश्चराइज्ड दुधाची ब्री, कॅमेंबेर असली तरी गरोदरपणी कच्ची नकोच. भाजीत उकळली तर गोष्ट वेगळी. अस्सल इटालियन पार्मेझान कच्च्या दुधापासूनच करतात, ते वाचून घाबरू नका, इतकं सुकं आणि खारं असतं की लिस्टेरियाचं काही चालत नाही, ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा कडक चीज कच्च्या दुधाचं असलं तरी गरोदर बायकांना चालतं म्हणते. अमेरिकेत मात्र पाश्चराइज्ड बघूनच घ्या सांगतात, मन मानत नसेल तर पाश्चराइज्ड चेडर घ्या.

पनीरचं काय? ९० डिग्रीला लिस्टेरिया मरतोच. घोटाळा त्यानंतर होतो. ज्या कापडात दाबतो ते कापड, ज्या गार पाण्यात बुडवतो ते पाणी, आणि दुकानातली सुरी. एकदा आमच्याच हौदात पाणी बदलायला राहिलं, दुसऱ्या दिवशी पनीर हाताला बुळबुळीत लागलं, फेकून दिलं. पण लिस्टेरिया बुळबुळीत होऊन कळत नाही, वास, चव सगळं नॉर्मल असतं, म्हणून पाण्याच्या टबातलं सुटं पनीर वहिनींना कच्चं देऊ नका. सॅलड नको, वर किसून नको. तुकडे करून रश्श्यात टाका आणि रश्शाला चांगली उकळी येऊन तुकडा आतपर्यंत वाफाळेपर्यंत, पाच-सात मिनिटं, ठेवा. घरी दूध फाडलं तर सगळ्यात बरं, कापड आधी उकळून घ्या आणि त्याच दिवशी संपवा.

आणि ब्री त्यांनी आधीच खाल्ली असेल तर लगेच घाबरू नका, पण ताप आला तर हे खाल्लंय हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा, लिस्टेरियाला कधी कधी दोन महिन्यांनीही लक्षणं दिसतात, तोपर्यंत कोणाला चीज आठवत नाही.