टाकीला तळाजवळ भोक पडलं तर ती रिकामी व्हायला किती वेळ लागतो?

प्रश्न: गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीला तळाजवळ बारीक भोक पडलंय. आता रात्रीचे दहा वाजलेत, प्लंबर सकाळी सातला येतो म्हणाला. पाण्याची उंची आणि भोकाचा आकार यांवरून टाकी किती वेळात रिकामी होईल ते काढता येतं का?

उत्तर:

येतं, आणि बऱ्यापैकी अचूक येतं. टाकीचा व्यास ११० सेंमी, भोकाच्या वर पाणी १ मीटर आणि भोक ६ मिमीचं असेल तर पाणी भोकापर्यंत उतरायला जवळपास ७ तास लागतात. म्हणजे पहाटे पाचच्या सुमारास टाकी रिकामी. भोक ३ मिमीचंच असेल तर हाच वेळ साडेसत्तावीस तासांवर जातो. त्यामुळे आधी भोक नीट मोजा, अंदाजाने ‘बारीक’ म्हणू नका. घरात ड्रिलची बिटं असतील तर कोणत्या नंबरचं बिट भोकात जेमतेम बसतं ते बघा, तोच व्यास. टाकीचा व्यास मात्र पट्टी धरून काढू नका, बाहेरच्या कंगोऱ्यांमुळे चुकतो. सपाट भागावर दोरी गुंडाळा आणि तिची लांबी ३.१४ ने भागा. दोरी ३.४५ मीटर भरली तर व्यास ११० सेंमी.

मी पॉलिटेक्निकच्या हायड्रॉलिक्स लॅबमध्ये हा प्रयोग वर्षानुवर्षं घेतला आहे. सूत्र असं आहे:

T = (A / (Cd × a)) × √(2h / g)

A म्हणजे टाकीचं आडवं क्षेत्रफळ, a म्हणजे भोकाचं क्षेत्रफळ, h म्हणजे भोकाच्या मध्यापासून पाण्याच्या पातळीपर्यंतची उंची (टाकीच्या तळापासून नव्हे), g म्हणजे 9.81, आणि Cd हा एक आकडा, ज्याच्याकडे नंतर वळतो. सगळी मापं मीटरमध्ये घ्या, T सेकंदांत येईल.

तुमच्या टाकीचं गणित करून बघू. क्षेत्रफळांचं गुणोत्तर व्यासांच्या गुणोत्तराच्या वर्गाइतकं असतं, म्हणून A/a = (१,१००/६)² = साधारण ३३,६००. h = १ मीटर धरल्यावर √(2h/g) = ०.४५१५ सेकंद. दोन्हींचा गुणाकार सुमारे १५,१७५ सेकंद. त्याला Cd ने, म्हणजे ०.६१ ने भागलं की सुमारे २४,८८० सेकंद, म्हणजे ६ तास ५५ मिनिटं.

आता यातली गंमत बघा. सुरुवातीला या भोकातून मिनिटाला साधारण ४.६ लिटर पाणी जातं. टाकीत भोकाच्या वर ९५० लिटर आहे. कुणीही चटकन भागाकार करेल: ९५० भागिले ४.६, म्हणजे २०७ मिनिटं, साडेतीन तास. लॅबमध्ये दर वर्षी दोन-चार मुलं हेच करायची आणि त्यांचं उत्तर बरोबर निम्मं यायचं. कधी पाऊण नाही, कधी एक तृतीयांश नाही, नेमकं निम्मं. हे निम्मं का येतं ते समजलं की सूत्र पाठ करावं लागत नाही.

भोकातून पाणी ज्या वेगाने बाहेर पडतं तो वेग, एखादा दगड पाण्याच्या पातळीपासून भोकापर्यंत पडला असता तर त्याला आला असता तेवढाच असतो, √(2gh). इटलीच्या टोरिचेल्लीने हे १६४४ मध्ये छापून सांगितलं. पाणी १ मीटर असताना वेग सेकंदाला ४.४३ मीटर. पातळी पाव मीटरवर आली की वेग पावपट होत नाही, अर्धा होतो, कारण वेग वर्गमुळावर चालतो. आता पातळी किती भराभर उतरते ते या वेगावर ठरतं, आणि वेग परत पातळीवर ठरतो. ही साखळी सोडवली की उत्तर फार साधं निघतं: पातळी उतरण्याचा वेग दर मिनिटाला सारख्याच मापाने कमी होत जातो आणि शेवटी शून्यावर येतो. वर फेकलेला चेंडू जसा सारख्या मापाने मंदावत जातो, तसाच. असा वेग सरासरीने सुरुवातीच्या वेगाच्या निम्मा असतो. म्हणून वेळ दुप्पट. पहिल्या वेगाने जेवढा वेळ लागला असता त्याच्या दुप्पट, कुठल्याही उंचीला, कुठल्याही भोकाला. फक्त टाकीच्या भिंती उभ्या हव्यात. आडव्या सिलिंडरसारख्या किंवा खाली निमुळत्या होणाऱ्या टाकीला हा दुपटीचा नियम लागू नाही, कारण तिथे A बदलत राहतो.

त्यामुळे टाकी सुरुवातीला भरभर उतरते आणि पुढे रेंगाळते. तुमच्या टाकीत पाणी १०० सेंमीवरून ५० वर यायला २ तास १ मिनिट लागेल, पण उरलेले ५० सेंमी जायला ४ तास ५४ मिनिटं. अर्धा वेळ संपला तेव्हा टाकीत अर्धं नव्हे, पावच पाणी उरलेलं असतं.

(लग्नात मुहूर्तासाठी घंगाळातल्या पाण्यावर घटिकापात्र, म्हणजे तळाला भोक असलेली वाटी, सोडतात, त्याचं भोक याच्या उलट वागतं. तिथे पाणी वाटीत आत शिरतं. वाटीचं वजन ठरलेलं असल्याने, वाटीच्या भिंती उभ्या असतील तर, बाहेरची आणि आतली पातळी यांतला फरक तेवढाच राहतो. म्हणून पाणी एकसारख्या वेगाने शिरतं, आणि वाटी भरत येताना गळत्या टाकीसारखी मंदावत नाही.)

आता Cd, म्हणजे ०.६१. हा आकडा सूत्रात घातला नाही तर ७ तासांचे सव्वाचार तास होतात. भोकातून निघणारी धार अगदी जवळून बघा, टॉर्च बाजूने धरून. भोकाला लागून ती भोकाएवढी जाड असते, पण अर्ध्या व्यासाइतकी पुढे गेली की बारीक झालेली दिसते, मग तशीच सरळ जाते. टाकीच्या आतलं पाणी सगळ्या बाजूंनी भोकाकडे धावत येतं, ते कडेपाशी एकदम काटकोनात वळू शकत नाही, वळताना धार आत दाबली जाते. धारेचं क्षेत्रफळ भोकाच्या सुमारे ६२ ते ६४ टक्केच उरतं, आणि थोडं नुकसान घर्षणाचं. दोन्ही मिळून ०.६१ च्या आसपास. लॅबमध्ये पितळी पट्टीला धारदार कडेचं भोक पाडून आम्ही हाच आकडा मिळवायचो, ०.६० ते ०.६३ दरम्यान.

पण तुमच्या टाकीचं भोक लॅबच्या पट्टीसारखं असेलच असं नाही. भिंत जाड आणि भोक बारीक असेल, म्हणजे भिंतीची जाडी भोकाच्या दोन-तीन पट असेल, तर धार आत दाबली जाऊनही पुढे भिंतीला परत चिकटते आणि भोक भरून वाहतं. तेव्हा Cd ०.८ च्या घरात जातो आणि ७ तासांचे सव्वापाच तास होतात. भोकात तुटलेल्या फिटिंगचा तुकडा अडकला असेल तरी असाच फरक पडतो. धार काचेसारखी स्वच्छ आणि भोकापाशी बारीक होणारी असेल तर ०.६१ धरा, भोकभर जाड, खरखरीत, पांढरट दिसत असेल तर ०.८ धरा.

अजून दोन गोष्टी बघून घ्या. झाकण पक्कं बसलेलं असेल आणि हवेची वाट शेवाळाने किंवा कुणी बांधलेल्या प्लास्टिकने बुजली असेल, तर आत पोकळी तयार होते, धार मंदावते, अधूनमधून गुडगुड आवाज येतो. तेव्हा सूत्र सांगतं त्याहून जास्त वेळ लागतो. आणि पाणी भोकाच्या वर बोट-दोन बोटं उरलं की सूत्र सोडून द्या. धार पुढे फेकली न जाता भिंतीवरून ओघळू लागते, कधी आत भोवरा होऊन हवा ओढली जाते. त्या शेवटच्या इंचाला किती वेळ लागेल ते नेमकं सांगता येत नाही, पण तेवढं पाणी फार नसतं.

तुमच्यासाठी मात्र Cd चीही गरज नाही. टाकीत येणाऱ्या आणि जाणाऱ्या नळांचे व्हॉल्व्ह बंद करा, धार बादलीत धरा आणि घड्याळ लावून एक मिनिट पाणी जमवा. मापाच्या भांड्याने मोजा. टाकीतल्या, म्हणजे भोकाच्या वरच्या पाण्याला त्या आकड्याने भागा आणि उत्तर दुप्पट करा. भोकाचा आकार, कडा, Cd, सगळं त्या एका मिनिटात आलेलं असतं.

भोक हाताला लागत नसेल, आडोशाला असेल, तर झाकण उघडून काठीवर खूण करा. समजा आत्ता भोकाच्या वर १०० सेंमी पाणी आहे आणि अर्ध्या तासाने ८६ सेंमी आहे. √१०० = १०, √८६ = ९.२७. फरक ०.७३. ३० मिनिटांत वर्गमूळ ०.७३ ने उतरलं, तर पूर्ण १० उतरायला ३० × १० / ०.७३, म्हणजे साधारण ४११ मिनिटं, पावणेसात तासांच्या पुढे. (३० मिनिटांत १४ सेंमी, म्हणजे १०० सेंमीला साडेतीन तास, असा सरळ हिशेब केलात की पुन्हा निम्म्याच्या चुकीत अडकाल.)

सकाळी सातला काय शिल्लक असेल तेही याच हिशेबाने काढा. भोक ६ मिमीचं असेल तर भोकाच्या वर काहीच नाही. पाणी आत्ताच भांड्यांत, पिंपांत भरून ठेवा. ४ मिमीचं असेल तर पूर्ण वेळ साडेपंधरा तासांचा, त्यातले ९ तास गेले, म्हणजे वेळेचा ०.५८ भाग. उरलेल्या ०.४२ चा वर्ग ०.१७७, म्हणून भोकाच्या वर जवळपास १८ सेंमी पाणी, साधारण १६८ लिटर. वीस लिटरच्या आठ बादल्या.