ओळख वाढवायची, पण गळ घालायची नाही

ताई, मी मेकॅनिकल इंजिनिअर, चार वर्षं चाकणच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मला एअर कंडिशनिंगच्या डिझाइनमध्ये जायचंय. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर या क्षेत्रातले एक सीनियर आहेत, पण मेसेज लिहिते आणि पुसून टाकते. कामापुरती ओळख काढतेय असं वाटतं. कार्यक्रमाला गेले तरी चहा घेऊन कोपऱ्यात उभी राहते. काय करू?
– एक वाचक

अगं, इथे तुझा भिडस्तपणा नडत नाही, मागणी नडते. 'सर, तुमच्याकडे जागा आहे का?' असं विचारलं की माणूस अडचणीत येतो. जागा बहुधा त्याच्या हातात नसते, 'नाही' म्हणणं जिवावर येतं, मग तो उत्तरच देत नाही. म्हणून पहिल्या मेसेजमध्ये बायोडेटा नको. नुसतं 'हाय सर' लिहून वाट बघणंही नको. दोन मिनिटांत सांगता येईल असं, त्यांच्या अनुभवातलं काही विचार, आणि ग्रुपवर न टाकता त्यांनाच लिही:

'नमस्कार सर, मी आपल्याच कॉलेजची. नंबर ग्रुपवरून घेतला. चाकणला चिलर आणि एएचयूचा मेंटेनन्स बघते, आता डिझाइन शिकायचंय. हीट लोड आधी एक्सेलमध्ये हाताने काढायला शिकू की थेट हॅप सॉफ्टवेअरवर? सवडीने सांगा.'

उत्तर नाही आलं तर दहाएक दिवसांनी एकदा आठवण कर, मग विषय सोड. आलं तर 'थँक्यू सर' वर थांबू नकोस, बहुतेक जण तिथेच थांबतात. त्यांनी सांगितलेलं करून बघ. समजा, तुमच्या कंट्रोल रूमचा हीट लोड काढलास आणि तो बसवलेल्या एसी युनिटच्या मानाने फारच कमी आला. तेच कळव: 'पॅनेलमधून निघणारी उष्णता धरायची राहिली का?' असा प्रश्न वाचून जाणकार माणूस आपणहून बोलायला लागतो. मात्र कंपनीची ड्रॉइंग्ज पाठवू नकोस, आकडेही ढोबळच सांग.

कार्यक्रमांचं म्हणशील तर तुझ्या क्षेत्रात इशरे ही 1981 पासूनची संस्था आहे, तिचं पुण्यात चॅप्टर आहे. अशा संस्थांची स्थानिक कामं सभासदच आपली नोकरी सांभाळून करतात, त्यांना हात कमीच पडतात. वीस मिनिटं आधी जा आणि नोंदणीच्या टेबलावर बसू का, असं विचार. तिथे प्रत्येकाला नाव आणि कंपनी विचारणं हे तुझं कामच असतं, त्यामुळे संकोच उरत नाही. चहाच्या वेळी निदान पाच-सहा चेहरे तुला ओळखत असतील. वक्त्यांना भेटलीस तर त्यांच्या भाषणातलाच एक प्रश्न विचार, आणि मागे माणसं थांबली असतील तर आटोपतं घे.

नोकरीचं जरूर विचार, पण सीनियरशी असं दोन-तीनदा बोलणं झाल्यावर. तेव्हाही 'माझं बघा' नको. जाहिरात आलेली एखादी ठरावीक जागा दाखव आणि विचार, 'सर, माझ्या अनुभवावर इथे अर्ज करण्यात अर्थ आहे का, की आधी आणखी काही शिकू?'