एरर बार एकमेकांवर येतात, तरी वर तारा कसा?

प्रश्न: पेपरमधल्या आकृतीत दोन स्तंभांचे एरर बार एकमेकांवर येतात, तरी वर एक तारा आहे. ही चूक आहे का? सरांना ईमेलमध्ये काय विचारू?

उत्तर: चूक असेलच असं नाही; ते बार बहुधा प्रमाण विचलनाचे (SD) आहेत. SD नमुन्यातला पसारा दाखवतं, तर तारा सरासरींमधल्या फरकाबद्दल असतो. समजा, दोन्ही गटांत n = 10, सरासरी 20 आणि 26, SD 5. बार 15–25 आणि 21–31, म्हणजे चांगलेच एकमेकांवर. पण सरासरीची प्रमाण त्रुटी (SEM) 5/√10, साधारण 1.6 येते; टी-चाचणीत t सुमारे 2.7, p सुमारे 0.015. एक तारा (p < 0.05) रास्तच. तेच बार SEM चे काढले असते तर मध्ये मोकळी जागा दिसली असती, म्हणून आधी आकृतीखालची ओळ वाचा. तिथे नसेल तर सरांना आकृतीचा क्रमांक देऊन एवढंच विचारा: बार कशाचे, n किती, चाचणी कोणती? मात्र त्याच व्यक्तींची आधी-नंतर मोजणी असेल, तर कुठल्याच प्रकारच्या बारवरून ताऱ्याचा अंदाज बांधू नका. तिथे प्रत्येकातला फरक मोजला जातो आणि तो आकृतीत दिसतच नाही.