यूट्यूब लाईव्हचं रेकॉर्डिंग नंतर कापता येतं का आणि बदल दिसायला किती वेळ लागतो?

प्रश्न: लाईव्ह संपल्यावर रेकॉर्डिंगचा सुरुवातीचा आणि शेवटचा नको असलेला भाग कापता येतो का? मी कापून सेव्ह केलं पण अजून जुनाच व्हिडिओ दिसतोय, किती वेळ लागतो?

उत्तर: हो, कापता येतो. आणि जुना दिसतोय म्हणजे तुमचं काही चुकलं असं नाही. सेव्ह केल्यावर यूट्यूब अख्खा व्हिडिओ परत तयार करायला घेतं आणि ते पूर्ण होईपर्यंत लोकांना जुनाच दिसत राहतो. वेळ ठरलेला नसतो, छोट्या व्हिडिओला कमी लागतो, दोन-तीन तासांच्या लाईव्हला कित्येक तास जाऊ शकतात.

आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेचं लाईव्ह मी सांभाळतो म्हणून हे अनुभवाने सांगतोय. मागच्या खेपेला रेकॉर्डिंग झालं २ तास १० मिनिटांचं, त्यात पहिली १४ मिनिटं नुसत्या खुर्च्या आणि माईक टेस्टिंग, आणि शेवटी लाईव्ह बंद करायचं राहिलं तर मंचावरची मंडळी मानधनाचं बोलत होती तेही सगळं लाईव्ह गेलं. मी रात्री पावणेअकराला कापून सेव्ह केलं आणि निवांत झोपायला गेलो, पण बदल झाला दीड वाजता, म्हणजे मधले पावणेतीन तास ते बोलणं कुणालाही ऐकता येत होतं. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना फोन करून माफी मागावी लागली, फार वाईट वाटलं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं, नको असलेल्या भागात काही खाजगी असेल (कुणाचा फोन नंबर, पैशाचं बोलणं, घरातलं काही) तर आधी व्हिडिओ Private करा, मग कापा. Private व्हिडिओही एडिट होतो, लिंक तीच राहते, काम झालं की परत Public करायचा. नुसती मोकळी मिनिटं असतील तर एवढं करायची गरज नाही.

कापायचं कॉम्प्युटरवर, ब्राउझरमध्ये studio.youtube.com उघडून. Content मध्ये Live टॅबवर तुमचं लाईव्ह असतं, ते उघडून डावीकडे Editor, मग Trim & cut. खालच्या पट्टीची दोन्ही टोकं ओढली की सुरुवात-शेवट कापला जातो, मधलाच तुकडा काढायचा असेल तर New cut. सेव्ह करायच्या आधी कापलेल्या जागा एकदा चालवून बघाच आणि सगळे कट एकाच वेळी उरकून घ्या, कारण एकदा Save दाबलं की ते काम संपेपर्यंत दुसरा बदल करता येत नाही. मी घाईत आधी फक्त सुरुवात कापली होती एकदा, शेवट कापायला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलो.

लाईव्ह संपल्या संपल्या Editor उघडत नसेल तर रेकॉर्डिंग अजून तयार होत असतं, थोडं थांबा. पण काही मर्यादा खऱ्याच आहेत. ६ तासांपेक्षा मोठ्या व्हिडिओत बदल सेव्ह होईलच असं नाही, आणि १२ तासांच्या वर लाईव्ह गेलं तर रेकॉर्डिंगच राहील याचा भरवसा नाही. १ लाखाच्या वर व्ह्यूज गेले असतील आणि चॅनल पार्टनर प्रोग्रॅममध्ये नसेल तर तेव्हाही कापायला अडचण येते (चेहरे ब्लर करता येतात).

बदल झाला की नाही हे ओळखायला व्हिडिओची लांबी बघा. आमचा २ तास १० मिनिटांचा १ तास ४८ वर आला तेव्हा कळलं. इनकॉग्निटो विंडोमध्ये उघडून बघितलेलं बरं. व्ह्यूज, कमेंट, लिंक सगळं तसंच राहतं, मात्र लाईव्ह चालू असताना बाजूला जे चॅट चालतं ते कापलेल्या व्हिडिओसोबत परत दिसत नाही, आमच्याकडे श्रोत्यांचे प्रश्न त्यातच होते म्हणून आता मी आधी कॉपी करून ठेवतो. डिस्क्रिप्शनमध्ये वेळा टाकल्या असतील तर त्याही आपोआप सरकत नाहीत, १४ मिनिटं कापली की प्रत्येक वेळेतून १४ मिनिटं स्वतः वजा करावी लागतात.

कापल्यावर पस्तावलात तर Editor मध्येच मूळ व्हिडिओवर परत जायचा पर्याय असतो, Revert to original, पण त्यालाही असाच वेळ लागतो. तुमचं सेव्ह करून अजून एक दिवस झाला नसेल तर परत परत काही दाबू नका, आणि त्या भागात लपवण्यासारखं काही असेल तर आत्ताच Private करून ठेवा.