पिजिनची क्रिओल कोण घडवते?

प्रश्न : पिजिन आणि क्रिओल यांत फरक काय? पिजिनची क्रिओल मुलेच करतात असे वाचले आहे, ते कितपत खरे?

पिजिन ही कोणाचीच मातृभाषा नसते. एकमेकांची भाषा न येणारे लोक कामापुरती ती वापरतात. ती ज्यांची पहिली भाषा असते अशी पिढी वाढली, की तिला क्रिओल म्हणू लागतात. खरा वाद आहे तो हा बदल कोण घडवतो याविषयी, आणि तो हवाई बेटांवरील क्रिओलबाबत विशेष रंगला.

तेथील उसाच्या मळ्यांवर १८५२ पासून चिनी, १८७८ पासून पोर्तुगीज आणि १८८५ पासून जपानी मजूर मोठ्या संख्येने आले. भाषाशास्त्रज्ञ डेरेक बिकरटन यांनी १९७० च्या दशकात वृद्ध स्थलांतरितांचे बोलणे तपासले, तेव्हा जपानी माणूस पिजिन बोलतानाही क्रियापद वाक्याच्या शेवटी टाकत होता, तर फिलिपिनो ते आधी आणत होता. बेटांवर जन्मलेल्यांच्या बोलण्यात मात्र एकसारखे व्याकरण होते. आईवडिलांकडून न मिळालेले हे व्याकरण मुलांनी मेंदूतील भाषेच्या जन्मजात आराखड्यातूनच आणले असले पाहिजे, असे त्यांनी १९८१ मध्ये मांडले.

हा तर्क आकर्षक आहे. पण वृद्धांच्या बोलण्यावरून त्यांच्या तरुणपणीची भाषा ठरवणे मला धोक्याचे वाटते. सारा रॉबर्ट्स यांनी त्या काळातील लेखी नोंदी तपासल्या, तेव्हा स्थलांतरितांची बेटांवर जन्मलेली मुले घरी आईवडिलांचीच भाषा बोलत आणि पिजिन बाहेर वापरत, असे दिसले. क्रिओलची बरीच वैशिष्ट्ये स्थिरावली ती त्यांच्याही पुढच्या पिढीत. जन्मजात आराखडा भाषेची पोकळी भरून काढत असेल, तर पहिल्या पिढीच्या मुलांना ती पोकळी नव्हतीच, कारण त्यांना घरी एक संपूर्ण भाषा मिळत होती.

मग व्याकरण आले कोठून? 'ही स्टे वर्क' म्हणजे 'तो काम करत आहे' ही रचना पाहावी. 'स्टे' हा शब्द इंग्रजीचा, पण इंग्रजीत तो चालू क्रिया दाखवत नाही. हवाई क्रिओलमध्ये तोच एखादी गोष्ट कोठे आहे हेही सांगतो आणि क्रिया चालू असल्याचेही. पोर्तुगीजमधील 'एश्तार' हे क्रियापद नेमकी हीच दोन्ही कामे करते. म्हणून जेफ सीगेल यांच्यासारखे अभ्यासक येथे पोर्तुगीजचा प्रभाव मानतात, आणि मलाही ते अधिक पटते.

मुलांचा वाटा यामुळे शून्य ठरत नाही. पापुआ न्यू गिनीत पिजिन म्हणून सुरू झालेल्या टोक पिसिन या भाषेत 'बाइम्बाइ' म्हणजे 'नंतर' हा शब्द आखडून 'बाइ' झाला आणि भविष्यकाळाची खूण बनला. सँकॉफ आणि लाबर्ज यांनी १९७३ मध्ये दाखवले, की प्रौढ दुसरी भाषा म्हणून बोलतानाच हे करू लागले होते. जन्मापासून ती बोलणाऱ्या मुलांनी ती खूण आणखी आखूड आणि आघातहीन केली.